भिवंडी हबला अडकलेलं पार्सल: शेवटचं स्कॅन बॅगचं की पार्सलचं?

प्रश्न: माझं पार्सल पाच दिवस भिवंडी हबला अडकलंय. ट्रॅकिंगवर रोज तीच ओळ, `Bag Received at Facility`. कस्टमर केअरला तीनदा फोन केला, दर वेळी "चोवीस तासांत अपडेट येईल" एवढंच सांगतात. मी ऐरोलीत राहतो, भिवंडी काही फार लांब नाही. सरळ जाऊन घेऊन येऊ का? की दुसऱ्या कोणाच्या मागे लागायचं?

उत्तर:

भिवंडीला जाऊ नका, फेरी फुकट जाईल. त्याआधी त्या ओळीतला पहिला शब्द नीट वाचा. `Bag`. भिवंडीला पोचली ती बॅग. तुमचं पार्सल पोचलं असं ती ओळ म्हणतच नाही. तुमची तक्रार पुढे सरकत नाही याचं मूळ बहुतेक इथेच आहे.

मी सात वर्षं भिवंडीजवळच्या एका हबवर शिफ्ट सांभाळली. आता ठाण्यात, वागळे इस्टेटमधून, छोट्या विक्रेत्यांचं डिस्पॅच बघते. अडकलेली पार्सलं सोडवणं हे त्यातलं रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगते.

पार्सल जिथून निघतं तिथे संध्याकाळी एका दिशेची सगळी पार्सलं एका मोठ्या बॅगेत भरतात. हबवरची मुलं तिला गोणीच म्हणतात. भरताना प्रत्येक पार्सलचं स्कॅन होतं, मग गोणीचं तोंड बांधून नंबर असलेलं सील लावतात. गोणीला स्वतःचा वेगळा बारकोड असतो. इथून पुढे गोणी उघडेपर्यंत तुमच्या पार्सलला कोणी हात लावत नाही आणि स्कॅनही करत नाही. ट्रक भिवंडीला लागला की उतरवताना गोणीवर एकदा स्कॅनर मारतात, आणि आतल्या तीस-चाळीस पार्सलांच्या ट्रॅकिंगवर सिस्टीम आपोआप तीच ओळ टाकते. म्हणजे तुम्ही पाच दिवस जी ओळ बघताय, ती कोणी पार्सल डोळ्यांनी पाहून टाकलेली नाही. गोणी आली म्हणजे आतलं सगळंही आलंच असेल, असं सिस्टीमने धरून चाललेलं आहे.

यानंतर गोणी उघडतात, माल टेबलावर किंवा पट्ट्यावर ओततात आणि एकेक नग स्कॅन करतात. या कामाला डीबॅगिंग म्हणतात. ते झालं की `Shipment Received at Facility` किंवा `In-Scan` अशी ओळ दिसते. शब्द प्रत्येक कंपनीचे वेगळे, पण ओळ बॅगबद्दल बोलतेय की शिपमेंटबद्दल एवढं पाहिलं तरी पुरे. आणि हे बघायचं ते कुरिअर कंपनीच्या स्वतःच्या साइटवर, एडब्ल्यूबी नंबर म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग नंबर टाकून. खरेदीच्या अ‍ॅपमध्ये दहा ओळींची मिळून एकच "शिप्ड" करून दाखवतात, त्यातून काही कळत नाही.

तुमच्या बाबतीत डीबॅगिंगचं स्कॅन नाही. याचे तीन अर्थ निघतात, आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

एक, गोणी अजून उघडलीच नाही. सेलचे दिवस, गणपती-दिवाळीच्या आधीचे आठवडे, जोराचा पाऊस, या काळात हबवर गोण्यांची थप्पी लागते. नवीन गोण्या पुढे पडत जातात आणि जुन्या भिंतीकडे सरकतात. हा सगळ्यात साधा प्रकार. पार्सल सुखरूप असतं, फक्त नंबर लागलेला नसतो.

दोन, गोणी उघडली, पण पार्सल आत निघालंच नाही. याला हबवर शॉर्ट म्हणतात. भरताना स्कॅन मारून पार्सल बाजूच्या गोणीत टाकलं गेलं, तर ते तुमच्या गोणीच्या यादीत दिसतं आणि प्रत्यक्षात नागपूरच्या वाटेला लागलेलं असतं. असं पार्सल दोन-चार दिवसांनी कुठल्यातरी भलत्याच शहरात इनस्कॅन होऊन प्रकट होतं. मधल्या काळात चोरीचीही शक्यता असते, ती नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच वेळेवर सांगणं महत्त्वाचं. गोणी आली तेव्हा सील शाबूत होतं का, उघडताना कॅमेऱ्यात काय दिसतं, हे तपासता येतं, पण कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कायम राहत नाही. जुन्यावर नवीन चढत जातं.

तीन, पार्सल आत निघालं, पण त्याचं लेबल वाचता येईना. लेबल फाटलेलं, भिजलेलं, नाहीतर बारकोडवर चकचकीत सेलोटेप ओढलेला. असा नग एका कोपऱ्यात किंवा पिंजऱ्यात जमा होतो. त्याला ओव्हरेज म्हणतात, म्हणजे हातात माल आहे पण तो कोणाचा ते माहीत नाही. एका यादीत तुमचं पार्सल "आलं नाही" म्हणून लिहिलेलं आणि वीस फुटांवर तेच पार्सल "कोणाचं माहीत नाही" म्हणून पडलेलं, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. दोन्ही याद्या जुळवायच्या तर माणसाला पार्सल कसं दिसतं ते माहीत हवं. बारकोड गेलेला असतो, मग रंग, आकार आणि वजन एवढंच हातात उरतं.

आता तुमच्या ऐरोलीहून जाण्याबद्दल. हब हे ग्राहकांचं ऑफिस नाही. गेटवर सिक्युरिटी तुम्हाला आत सोडणार नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण आत हजारो लोकांचा माल उघडा पडलेला असतो. आतल्या सुपरवायझरला दया आली तरी तो पार्सल हातात देऊ शकत नाही. डिलिव्हरी फक्त तुमच्या भागाच्या ब्रँचच्या रनशीटवर, म्हणजे वाटपाच्या रोजच्या यादीवर होते, हबची सिस्टीम तशी नोंद घेतच नाही. आणि पार्सल वरच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारातलं असेल तर तिथल्या माणसालाही ते कुठे आहे ते माहीत नसतं. तुम्ही माणकोली नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस घालवून "ट्रॅकिंगवर बघा" हेच ऐकून परत याल. स्वतः जाऊन घ्यायची वेळ येते ती पार्सल ऐरोलीच्या डिलिव्हरी ब्रँचला इनस्कॅन झाल्यावर. तिथे एडब्ल्यूबी नंबर आणि फोटो असलेलं ओळखपत्र दाखवलं तर बऱ्याच कंपन्या देतात, काही देत नाहीत. आधी विचारून जा.

किती दिवस थांबायचं, हे परिस्थितीवर आहे. एरवी भिवंडीला आलेली गोणी त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी उघडते आणि पहाटेच्या गाडीने नवी मुंबईकडे निघते. मी साध्या दिवसांत अठ्ठेचाळीस तास धरते, मध्ये रविवार आला तर बहात्तर. सेल किंवा सण असेल तर चार दिवस. घोडबंदर रोडचं किंवा मुंब्रा बायपासचं काम निघून अवजड गाड्यांना दिवसा बंदी लागली, तर त्यात आणखी एक दिवस मिळवा, कारण गाडी माल भरून उभी असली तरी रात्रीशिवाय सुटत नाही. तुमचे पाच दिवस झालेत. सणासुदीची गर्दी नसेल तर ही नुसती थप्पी नाही असं मी समजेन आणि आजच हालचाल करेन.

एक प्रसंग तपशिलात सांगते, म्हणजे कशी हालचाल ते लक्षात येईल. आमच्याकडे येवल्याचे एक विक्रेते आहेत, पैठण्या पाठवतात. त्यांनी एका मंगळवारी नवी मुंबईसाठी तीन पार्सलं दिली: एक वाशीला, एक कोपरखैरण्याला, एक घणसोलीला. तिन्ही एकाच गोणीत भरली गेली. बुधवारी रात्री पावणेबाराला गोणी भिवंडीला आली. गुरुवारी दुपारी वाशी आणि कोपरखैरण्याच्या पार्सलांवर नगाचं स्कॅन दिसलं आणि शुक्रवारी ती पोचलीसुद्धा. घणसोलीचं मात्र बुधवार रात्रीच्या त्या बॅगच्या ओळीवरच थांबलं. ते ज्यांनी मागवलं होतं त्या घणसोलीच्या ताईंच्या भाच्याची मुंज पुढच्या गुरुवारी होती, साडी साडेअकरा हजारांची.

त्यांनी शुक्रवारी आणि शनिवारी दोन तक्रारी टाकल्या होत्या. दोन्हींत मजकूर एकच, "पार्सल अजून आलेलं नाही, लवकर पाठवा." दोन्ही तिकिटं काही तासांत बंद झाली, उत्तर आलं "शिपमेंट ट्रान्झिटमध्ये आहे". याचा राग येतो, पण हे का होतं ते समजून घ्या. कॉल सेंटरच्या माणसासमोर तुम्हाला दिसतं त्याहून फार जास्त काही नसतं. "कधी येईल" असं विचारलं की तो स्क्रीनवरची शेवटची ओळ वाचतो आणि तिकीट बंद करतो. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हबवर कोणाला उठून बघावं लागत नाही. उठून बघावं लागेल असाच प्रश्न विचारायला हवा.

शनिवारी संध्याकाळी ते प्रकरण माझ्याकडे आलं. त्याच गोणीतली दोन पार्सलं पुढे गेली होती, म्हणजे गोणी उघडली हे नक्की. पहिला प्रकार बाद. आता शॉर्ट की ओव्हरेज एवढंच शोधायचं होतं. येवल्याहून पॅकिंगचे फोटो मागवले. पांढरी कुरिअरची पिशवी, चारही कडांना हिरवी टेप, वजन नऊशे ग्रॅम. मग विक्रेत्याच्या पॅनेलमधून, म्हणजे कुरिअर कंपनीच्या साइटवरच्या त्याच्या खात्यातून, हे तिकीट टाकलं:

```
AWB: (नंबर)
शेवटचं स्कॅन: Bag Received at Facility, भिवंडी, बुधवार रात्री 11.45
याच बॅगेतली दोन पार्सलं गुरुवारी पुढे गेली. AWB: (दोन्ही नंबर)
या नगाचं डीबॅगिंग स्कॅन नाही.
कृपया सांगा:
1. डीबॅगिंगच्या वेळी हा नग शॉर्ट नोंदवला आहे का?
2. ओव्हरेजमध्ये शोध घेतला का?
पार्सल: पांढरी पिशवी, कडांना हिरवी टेप, 900 ग्रॅम, फोटो सोबत.
प्रत्यक्ष शोधाचं उत्तर येईपर्यंत तिकीट बंद करू नये.
```

रविवार गेला. सोमवारी दुपारी हबवरून फोटो आला, "हेच का?" हिरव्या टेपवरून सापडलं होतं. त्याच गोणीत कोणाच्या तरी लोणच्याची बरणी फुटली होती, तेल या पिशवीवर येऊन लेबल पारदर्शक झालं होतं आणि बारकोडच्या रेघा एकमेकींत मिसळल्या होत्या. साडीला आतून प्लास्टिक होतं म्हणून ती वाचली. नवीन लेबल छापून लावलं आणि मंगळवारी पार्सल घणसोलीला पोचलं.

तुम्ही खरेदी करणारे आहात, त्यामुळे तुमच्याकडे बाकीच्या पार्सलांचे नंबर नसणार. ते विक्रेत्याकडे असतात. म्हणून आता दुसरा मुद्दा: कोणाच्या मागे लागायचं.

कुरिअर कंपनीचा ग्राहक तुम्ही नाही, पार्सल पाठवणारा आहे. पैसे तो देतो, करार त्याचा आहे, पॅनेल त्याच्याकडे आहे, आणि महिन्याला बरीच पार्सलं देत असेल तर त्याच्यासाठी कंपनीचा एक माणूसही नेमलेला असतो. तुमचा फोन कॉल सेंटरला जातो, त्याचं तिकीट हबच्या रांगेत जातं. म्हणून तुम्ही स्वतः एक तक्रार टाका, तिचा नंबर घ्या, आणि त्याच दिवशी विक्रेत्याला वरच्यासारखा मजकूर पाठवून त्याच्याकडून तिकीट टाकायला लावा. फोनवर बोललात तरी मागोमाग लिहून पाठवा. पुढे तारीख लागते, आणि ती फक्त लेखी निरोपावरच मिळते. कामाचे दोन दिवस द्या. "ट्रान्झिटमध्ये आहे" असं उत्तर आलं तर ते उत्तर नाही असं लिहून तेच तिकीट पुन्हा उघडायला सांगा. नवीन तिकीट टाकू नका, त्याने मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

दरम्यान घाईने ऑर्डर रद्द करू नका. रद्द केली की सिस्टीममध्ये आरटीओचा शिक्का बसतो, म्हणजे माल पाठवणाऱ्याकडे परत. मग पार्सल हबवर सापडलं तरी ते ऐरोलीकडे यायचं सोडून उलटं फिरतं, आणि एकदा आरटीओ लागला की तो काढणं फार अवघड असतं. वस्तू हवी असेल तर आधी शोध घेऊ द्या. नको असेल किंवा दुसरीकडे सहज मिळत असेल, तर मात्र खुशाल रद्द करा.

दोन दिवसांत काही हललं नाही तर तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ऑनलाइन खरेदीसाठी 2020 चे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांनुसार खरेदीच्या साइटला असा अधिकारी नेमावाच लागतो आणि त्याचं नाव व संपर्क साइटवर द्यावा लागतो. तो बहुतेक साइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात सापडतो. त्याने अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निकाल लावायचा असतो. याच नियमांत विक्रेत्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे, ती लोकांना फारशी माहीत नसते. ठरलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा आला तर विक्रेता तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देऊ शकत नाही. पूर किंवा तशाच आवाक्याबाहेरच्या कारणाने उशीर झाला असेल तर ही सक्ती राहत नाही. म्हणून ऑर्डरच्या वेळी दिलेल्या डिलिव्हरी तारखेचा स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा. अ‍ॅपमध्ये ती तारीख पुढे सरकत राहते आणि जुनी कुठेच दिसत नाही.

त्यानंतरची पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. फोनवर किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवता येते, मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन न्यायनिवाडा करत नाही, ती तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलापर्यंत पोचवते. पण अडकलेल्या पार्सलाला नेमकं तेवढंच हवं असतं. माझा अनुभव असा की अधिकाऱ्याला पाठवलेला ईमेल आणि तिकिटांचे नंबर सोबत जोडले असतील तर इथून काम होतं. नुसतं "कंपनी दाद देत नाही" लिहिलं तर तेच प्रश्न तुम्हाला परत विचारले जातात.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची. ऐरोली ठाणे जिल्ह्यात येते. हे मुद्दाम सांगते, कारण नवी मुंबईकर इथे चुकतात: ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा, पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये. पत्ता नवी मुंबईचा लिहिला तरी जिल्हा बदलतो. पाचशे-हजाराच्या वस्तूसाठी आयोगात जावं का, हे ज्याने-त्याने ठरवावं. साडेअकरा हजारांसाठी मी जाईन.

हे सगळं दुकानातून मागवलेल्या वस्तूबद्दल झालं. पार्सल घरच्या कोणी पाठवलं असेल, समजा साताऱ्याहून बहिणीने, तर पावती तिच्याकडे आहे आणि तक्रारही तिच्या नावाने साताऱ्याच्या बुकिंग ब्रँचला जायला हवी. अशा वेळी पार्सल हरवल्याचं दिसत असेल तर लेखी नोटीस लवकर द्यावी. रस्त्याने मालवाहतुकीच्या 2007 च्या कायद्यात बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस दिली असेल तरच पुढे दावा चालतो. आणि पावतीमागच्या अटी वाचा. विमा नसेल तर बऱ्याच कंपन्या भरपाईची रक्कम ठरावीक छोट्या आकड्यावर बांधून ठेवतात. वस्तू किमती असेल तर बुकिंगच्या वेळीच किंमत जाहीर करून विमा घ्यायचा, तोच एक भरवशाचा मार्ग.

आणखी एक प्रकार तुमच्याशी जुळत नसला तरी सांगून ठेवते, कारण ठाणे-नवी मुंबईत तो वारंवार घडतो. कासारवडवलीचा पिन 400615, बेलापूरचा 400614. एक आकडा चुकला की पार्सल भिवंडीहून बेलापूरला जातं, तिथला डिलिव्हरी बॉय पत्ता वाचून "हे आपल्याकडचं नाही" म्हणून परत पाठवतो, भिवंडीला मशीन पुन्हा पिनच वाचते आणि पुन्हा बेलापूरला पाठवते. ट्रॅकिंगवर भिवंडी, बेलापूर, भिवंडी, बेलापूर असं दिसू लागलं तर एकही दिवस थांबू नका. पार्सल हरवलेलं नाही आणि उशीरही झालेला नाही, पण लेबल बदलल्याशिवाय ते आपणहून कधीच थांबणार नाही. पाठवणाऱ्याला पॅनेलमध्ये पिन दुरुस्त करून हबला नवीन लेबल लावायला सांगा. त्यांनी फक्त पत्ता फोनवर सांगून उपयोग नाही, कारण मशीनला तो ऐकू जात नाही.

आता एक सावधगिरी. हे मी कळकळीने सांगतेय, कारण आमच्या दोन ग्राहकांचे पैसे असे गेले. पार्सल अडकलं की माणूस वैतागून इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो, आणि तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. समोरचा गोड बोलतो, "पत्ता अपडेट करायला पाच रुपये भरा" म्हणून लिंक पाठवतो किंवा मोबाइलमध्ये एखादं अ‍ॅप टाकायला सांगतो. पाच रुपयांच्या निमित्ताने खातं रिकामं होतं. दुसरा प्रकार: "डिलिव्हरी बॉयशी बोलायला हा नंबर डायल करा" म्हणून `*401*` किंवा `*21*` ने सुरू होणारा कोड देतात. तो लावला की तुमचे कॉल त्यांच्याकडे वळतात आणि फोन करून सांगितले जाणारे ओटीपी तिकडे जातात. नंबर घ्यायचा तो कंपनीच्या अधिकृत साइटवरून किंवा पावतीवरून, आणि हबवरून पार्सल सोडवायला कोणालाही पैसे द्यायचे नाहीत. चुकून दिलेच तर लगेच 1930 ला फोन करा.

तुमच्यासाठी आजचं काम असं. कुरिअरच्या साइटवर जाऊन पूर्ण ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट काढा, स्कॅनच्या वेळांसकट. विक्रेत्याला विचारा की त्याच दिवशी नवी मुंबईकडे गेलेली त्याची इतर पार्सलं पुढे सरकली का, आणि पॅकिंग कसं दिसतं. सरकली असतील तर वरचा मजकूर तुमचे तपशील घालून पाठवा. तीही तिथेच अडकली असतील तर अख्खी गोणी थप्पीत आहे. मग तिकिटात गोणी डीबॅग करण्याची मागणी करा आणि दोन दिवस थांबा.

आणि पार्सल सापडून दारात आलं की ओटीपी देण्याआधी ते हातात घेऊन सगळीकडून बघा. इतके दिवस पडून राहिलेल्या पार्सलावर बहुतेक वेळा दुसरं लेबल किंवा दुसरी टेप असते, तेवढ्याने घाबरू नका. पण पिशवी कापून पुन्हा चिकटवलेली दिसली, किंवा लेबलवर छापलेल्या वजनापेक्षा पार्सल उघड हलकं लागलं, तर ओटीपी देऊ नका. पोहोचवायला आलेल्या मुलालाच ते नाकारल्याची नोंद करायला सांगा आणि त्याच्यासमोर लेबलचा व फाटलेल्या जागेचा फोटो घ्या. बाहेरून ठीक दिसलं तरी उघडताना लेबलपासून सुरुवात करून मध्ये न थांबवता एक व्हिडिओ काढा.